रिंग गार होईपर्यंत

कारखान्यात तिला सगळे थंडीबाई म्हणायचे. बाहेर डांबर वितळेल असं ऊन असलं तरी ती आपली लोकरीचा जाड स्वेटर घालून मापं तपासायच्या खोलीतून, गेज रूममधून बाहेर यायची, आणि दारात उभी राहून, उन्हाने डोळे किलकिले करत, तो स्वेटर डोक्यातून काढायची. होनिंगच्या, म्हणजे भोकं घासायच्या, मशीनवर घामाने निथळणारे लोक हे रोज बघत आणि रोज हसत. तिला त्याचं काही वाटत नसे. गेज रूमचं तापमान वीस अंशांवर ठेवायचं असतं, हिवाळा असो की उन्हाळा, आणि त्या खोलीत तिची बावीस वर्षं गेली होती. सांधे आखडतात म्हणून स्वेटर.

लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं शिक्षण तिने केलं, भाऊ परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. आई मात्र तिच्या वाट्याला आली. गेली तीन-चार वर्षं आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कधी लेकीला लेक म्हणून ओळखायची, कधी आपली थोरली बहीण समजायची, कधी कामवाली समजून भांड्यांवरून बोलायची. घराचं दार उघडं दिसलं की चालू लागायची. शेजारच्या काकू दिवसभर लक्ष ठेवत. ते उपकार थंडीबाई पुरेपूर जाणून होती.

कारखाना हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवायचा. तेलाच्या दाबावर चालणारी जड यंत्रं, उचलणारे प्लॅटफॉर्म, ट्रकच्या मागची उघडणारी फळी, यांना वर-खाली करायला जो दांडा ओढतात, त्याच्या पोटात हा व्हॉल्व्ह असतो. लोखंडी ठोकळ्यात एक गुळगुळीत भोक, आणि त्या भोकात सरकणारी पोलादी कांडी. कांडी इकडे सरकली की तेल एका वाटेने जातं, तिकडे सरकली की दुसऱ्या, आणि दांडा सोडला की स्प्रिंग तिला मधोमध आणून सगळं थांबवते. भोक आणि कांडी यांच्यात फट ठेवायची ती केसाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. जास्त ठेवली तर तेल गळतं. कमी ठेवली तर कांडी अडकते.

एवढं बारीक भोक मापायचं कसं? होनिंगवाला भोकात मापक घालतो, पण त्या मापकाला आधी कुणीतरी सांगावं लागतं की बाबा, खरं माप हे. ते सांगते सेटिंग रिंग: पोलादाची जाड बांगडी म्हणा ना, आतून आरशासारखी घासलेली. तिच्या भोकाचं माप गेज रूमने तपासून कागदावर लिहून दिलेलं असतं. होनिंगवाला मापक रिंगमध्ये घालतो, कागदावरचा आकडा लावतो आणि मग दिवसभर त्याच आकड्याच्या भरवशावर भोकं घासतो. म्हणजे थंडीबाईने लिहिलेला आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकणार, आणि कुणाला कळणारही नाही, कारण जो तो तिच्याच आकड्याने मापणार.

त्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाचा तपासनीस कारखान्यात आला आणि त्याला होनिंगच्या टेबलावरच्या रिंगवर चिकटवलेली तारीख उलटून गेलेली दिसली. तपासणीची मुदत संपलेली. त्याने तिथल्या तिथे सांगितलं, रिंग तपासून येईपर्यंत एकही व्हॉल्व्ह घेणार नाही. होनिंगची मशीनं बंद पडली. मॅनेजर स्वतः फडक्यात गुंडाळलेली रिंग घेऊन गेज रूमच्या दारात आला. होनिंगच्या शेडमध्ये त्या दिवशी चाळीस अंश होते. फडक्यातूनसुद्धा रिंगची धग लागत होती.

थंडीबाईने ती पुसली, स्पिरिटने आतून स्वच्छ केली आणि जिच्याशी तुलना करायची त्या मास्टर रिंगच्या शेजारी लोखंडी पाटावर ठेवली. तीन तास लागतील, म्हणाली. मॅनेजर म्हणाला, तासभरात द्या. तिने नकारार्थी मान हलवली. हे बोलणं त्यांच्यात दरवर्षी व्हायचं. पोलाद गरम असलं की फुगतं. रिंगचं भोकही तिच्याबरोबर मोठं होतं, लहान नव्हे, ही गोष्ट नव्या लोकांना पटायला वेळ लागायचा. खोलीत वीस अंशाला बसलेली मास्टर रिंग आणि बाहेरून आलेली तापलेली रिंग यांची तुलना करायची म्हणजे एकाची अनवाणी आणि दुसऱ्याची टाचेच्या चपला घालून उंची मोजण्यासारखं. दोघी एकाच तापमानाला येईपर्यंत थांबायचं. हाताला गार लागणं वेगळं आणि आतपर्यंत गार होणं वेगळं.

रिंग पाटावर ठेवून वीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात काकूंचा फोन आला. आई घरात नाही. कडी कशी निघाली कळत नाही. गल्लीत बघितलं, दुकानात बघितलं, कुठेच नाही.

ती स्वेटर काढायला लागली, तेव्हा मॅनेजर दारातच होता. रिंगचं काय, त्याने विचारलं. गेज रूममध्ये मापाच्या कागदावर सही फक्त तिची चालायची. ती गेली तर उद्यापर्यंत मशीनं बंद. तो ओरडला नाही, हे तिला नंतर पुष्कळदा आठवलं. तो एवढंच म्हणाला, की माणसं बसून आहेत, बघा तुम्हाला काय वाटतं ते.

तिने हातमोजे घातले आणि माप घेतलं. आकडा मागच्या वर्षीपेक्षा चार मायक्रॉनने मोठा आला. एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर त्यातले चार. ती क्षणभर थबकली. पण रिंग जुनी होती. रोज शंभर वेळा मापक आत-बाहेर करून रिंगा आतून झिजतात, भोक मोठं होतं. चार म्हणजे जरा जास्तच, पण अगदी अशक्य नाही. मन ज्याला टेकू शोधत असतं त्याला तो सापडतोच. तिने आकडा लिहिला, सही केली, नवी तारीख चिकटवली आणि रस्त्याला लागली.

आई बसथांब्यावर बाकावर बसलेली सापडली. पायात दोन वेगळ्या चपला. लेकीला बघून म्हणाली, "ताई, किती उशीर केलास गं." थंडीबाईला रडू फुटलं आणि त्या रडण्यात रिंग मनातून पार पुसली गेली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तेव्हा रिंग होनिंगवर परत गेलेली होती, मशीनं धडधडत होती, सगळं नेहमीसारखं होतं. पुन्हा मागवून तपासावी असं एकदा मनात आलं. मग मागवायची म्हणजे कारण सांगावं लागेल, असंही आलं. राहून गेलं.

होनिंगवाल्यांनी मापकावर नवा आकडा लावला. कागद म्हणत होता रिंग मोठी आहे. प्रत्यक्षात ती होती तेवढीच होती. त्यामुळे ते ज्याला पुरेसं मोठं समजत होते ते प्रत्येक भोक चार मायक्रॉनने लहान निघत होतं. कांड्या दुसरीकडे बनायच्या, दुसऱ्या गेजवर. त्या बरोबर होत्या. ठेवलेल्या फटीतली निम्मी फट अशी गुपचूप गेली. जोडणीला कांडी जराशी घट्ट जात होती, पण जात होती. चाचणीत तेल गार असतं, तेव्हा ती सरकत होती. सगळे व्हॉल्व्ह पास झाले.

त्यातला एक कारखान्यानेच आपल्या यार्डातल्या प्लॅटफॉर्मला बसवला.

यार्डात एक फिटर होता. त्याला सगळे जावई म्हणत, कारण कुठल्याही खात्यात गेला तरी आधी पाणी, मग चहा आणि मग काम, असा त्याचा शिरस्ता. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. उन्हाळ्यात काही ना काही निमित्त काढून तो गेज रूमचं दार उघडायचा आणि उंबऱ्यावर उभा राहून म्हणायचा, थंडीबाई, थोडी थंडी द्या ना. ती दार लावून घ्यायची, कारण त्याच्या अंगाची ऊब आत आली की पारा हलायचा. व्हॉल्व्ह त्यानेच बसवला होता, त्यानेच बोल्ट आवळले होते.

काही आठवड्यांनी, दुपारी, प्लॅटफॉर्मवर माल चढवलेला होता. प्लॅटफॉर्मखालचा लाकडी ठोकळा तिरका झाला म्हणून जावयाने प्लॅटफॉर्म थोडा खाली घेतला, दांडा सोडला आणि ठोकळा सरळ करायला आत, प्लॅटफॉर्मखाली वाकला. दांडा अर्ध्यावर येऊन थांबला. दिवसभर चालून तेल तापलेलं होतं; गरम तेलात पातळ कांडी आधी फुगते, व्हॉल्व्हचा जाड ठोकळा मागाहून. जी निम्मी फट उरली होती तीही सरली. कांडी मधोमध आलीच नाही. प्लॅटफॉर्म हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा गतीने, खाली येत राहिला. वाकण्याआधी टेकू लावायचा नियम होता. तो त्याने लावला नव्हता. यार्डात कुणीच लावत नसे. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

कारखाना दोन दिवस बंद राहिला. मग कुजबुज सुरू झाली. टेकू लावला नाही. व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मला बसवताना बोल्ट बेताबाहेर आवळले, त्याने व्हॉल्व्हचा ठोकळा पिळला गेला, भोक वाकडं झालं, कांडी अडकली. असं होऊ शकतं, हे खोटं नव्हतं. अडकलेली कांडी ठोकून काढताना भोक ओरखडलं होतं, त्यामुळे त्याचं मूळ माप आता कुणालाच सांगता येत नव्हतं. मरणारा गेला, दोषही घेऊन गेला, सगळ्यांची सोय झाली.

त्याची बायको गेटवर आली होती. आत कुणी घेतलं नाही. सुटी झाल्यावर लोक बाहेर पडत होते, त्यातल्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, त्याचीच चूक होती का. लोक नजर चुकवून जात. थंडीबाईलाही तिने विचारलं. थंडीबाई म्हणाली, चौकशी चालू आहे. आणि चालू लागली. बोल्ट, टेकू हे सगळं कानावर येत होतं, पण तिच्या डोक्यात मात्र लोखंडी पाटावरची ती वीस मिनिटं आली होती आणि काही केल्या जात नव्हती. आईला भरवताना घास हातात राहिला. आई म्हणाली, कामवाली असून लक्ष नाही तुझं. ती म्हणाली, "नाही खरं."

विमा कंपनीने पाठवलेला इंजिनिअर आला तो शांत, थकलेला, कमी बोलणारा माणूस होता. त्याने यार्ड बघितलं, व्हॉल्व्ह बघितला आणि सांगितलं की भोक मुळात बरोबर होतं की नाही हे आधी ठरू दे. ज्या रिंगने ते मापलं ती रिंग माझ्यासमोर तपासा. मॅनेजरने रिंग होनिंगवरून आणायला माणूस पाठवला आणि इंजिनिअरला ऑफिसात चहाला बसवलं. चहा होईतो रिंग गेज रूममध्ये आली. ऊन त्या दिवशीही तेवढंच होतं.

थंडीबाईने रिंग पुसली. फडक्यातून हाताला तीच धग. पाटावर ठेवली. थोड्या वेळात दोघेही आत आले, मॅनेजर आणि इंजिनिअर, दोघांनीही थंडीमुळे हात काखेत घातले. मॅनेजर म्हणाला, घ्या माप.

तिला कळलं. माणूस कधीकधी एका क्षणात सगळं बघतो, तसं. आत्ता माप घेतलं तर आकडा कागदाशी जुळणार. तेव्हाही रिंग गरम होती, आत्ताही गरम आहे; गरम रिंग तेव्हा जे खोटं बोलली तेच आत्ताही बोलेल, आणि दोन खोट्या आकड्यांची साक्ष एकमेकांना लागेल. कागद खरा ठरेल. भोक बरोबर ठरेल. मग उरतो तो बोल्ट आवळणारा हात.

तिने माप घेतलं. तिच्याच हाताने घेतलं. आकडा कागदाशी जुळला, एका मायक्रॉनच्या आत. मॅनेजरने श्वास सोडला, तो तिला ऐकू आला. इंजिनिअरने आकडा बघितला, मान डोलावली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "ही रिंग खोलीत कधीपासून आहे?"

"सकाळपासून," मॅनेजर म्हणाला.

इंजिनिअरने तिच्याकडे बघितलं. कदाचित त्याला शंका होती, कदाचित नसेलही. सही करणाऱ्याने बोलावं एवढीच पद्धत असेल. तिच्यासमोर यंत्राचा काटा स्थिर होता. घरी आई होती, काकूंचे फेडायचे होते ते उपकार होते, निवृत्तीला सात वर्षं होती. जावयाला आता ना पाणी लागणार होतं ना चहा.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही चहा घेत होतात तेव्हा आली. अजून गरम आहे. गेल्या वेळीही मी गरमच मापली."

मॅनेजर नुसता भिंतीवरच्या तापमापकाकडे बघत राहिला, जणू तिथे काही लिहिलं होतं. इंजिनिअरने एक स्टूल ओढलं आणि बसला. "मग थांबू या," म्हणाला.

थांबायला काय, थांबले. असं थांबणं तिने बावीस वर्षं केलं होतं, त्यात काही नवं नव्हतं. रिंग पाटावर होती, शेजारी मास्टर रिंग. बघायला काही नव्हतं. पोलाद गार होताना दिसत नाही. मॅनेजर मध्येच उठून गेला, परत आला, पुन्हा गेला. इंजिनिअरने तिला विचारलं की घाई का केली. तिने आईचं सांगितलं. त्याने माझीही आई अशीच होती वगैरे काही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल तिला बरं वाटलं. मग त्याने विचारलं, दुसऱ्या दिवशी का नाही पुन्हा तपासली. आईची गोष्ट त्या दिवसापुरती खरी होती. दुसऱ्या दिवशी आई घरी होती, काकू होत्या, रिंग चार पावलांवर होती. तिने फडक्याची पुन्हा घडी घातली, आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुपार उलटल्यावर तिने माप घेतलं. रिंग कागदावरच्या आकड्यापेक्षा चार मायक्रॉनने लहान निघाली. म्हणजे मागच्या वर्षी होती तेवढीच. झिजली नव्हतीच. तिने पुन्हा घेतलं, मग इंजिनिअरने स्वतः घेतलं. तेच.

पुढचं लवकर झालं. त्या उन्हाळ्यात गेलेले सगळे व्हॉल्व्ह परत मागवले. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, होनिंगची एक पाळी बंद झाली, आणि ज्यांची पाळी गेली त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तोंड उघडायची काय गरज होती, गेलेला माणूस परत येणार होता का, असं जेवणाच्या सुटीत तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं गेलं. अहवालात टेकू न लावल्याचा उल्लेख होता, पण बोल्टचा नव्हता. मूळ कारण म्हणून रिंग होती आणि रिंगखाली तिचं नाव. मॅनेजरने, मी घाई केली नाही, निर्णय त्यांच्यावर सोडला होता, असं सांगितलं. शब्दशः बघितलं तर ते खरंच होतं. तो राहिला. तिला काढलं.

शेवटच्या दिवशी तिने मास्टर रिंगा तेल लावून डब्यांत ठेवल्या. तिच्या जागी कोण येणार हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती जावयाच्या घरी गेली. जाऊ नये असं काकू म्हणाल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दारात अजून त्याचे बूट. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि ओळखलं. आत या म्हणाली नाही. आतून म्हाताऱ्या बाईचा खोकला येत होता. ती त्याची आई असणार.

थंडीबाईने जे सांगायचं ते उभ्यानेच सांगितलं. रिंग, ऊन, माप, आई, सगळं. तिला वाटलं होतं सांगताना आवाज फुटेल, फुटला नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतके दिवस सासूबाई म्हणत होत्या, माझ्या मुलाला काम नीट येत नव्हतं का गं. काल अहवाल कळला, तेव्हा त्यांना सांगितलं, येत होतं म्हणून. ते तुमच्यामुळे सांगता आलं. पण आता पुन्हा येऊ नका. तुम्हाला बघून मला तो दिसतो."

थंडीबाईने मान डोलावली. जिना उतरताना मागे दार लागल्याचा आवाज आला, हळूच, आपटून नव्हे.

त्यानंतर तिने दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. गेज रूमची माणसं एकमेकांना ओळखतात. बातमी तिच्या आधी पोचलेली असायची. एका लहान वर्कशॉपने तिला माल मोजून पेट्या भरायला ठेवलं, तिथे कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी ती घरी आली की काकू निघून जातात. आईचं ओळखणं आता जवळजवळ सरलंय. कधी विचारते, तू कोण गं बाई, काय काम करतेस. आधी ती उत्तर द्यायची. आता देत नाही. आईच्या ताटातला भात कालवते, तो गार झाला की नाही ते बोटाने बघते, आणि मग घास पुढे करते.